एक उत्तर डोळ्यांनी, दुसरं हातांनी

बी.एस्सी.ला किंवा इंजिनिअरिंगला अवकल समीकरणांचा, म्हणजे वर्गात सगळे ज्यांना डिफरन्शियल इक्वेशन्स म्हणतात त्यांचा पेपर ज्यांनी दिला असेल, त्यांना पुस्तकातली एक छोटी चौकट आठवत असेल. समीकरण y'' + P y' + Q y = 0 अशा रूपात असेल, तर 1 + P + Q = 0 आहे का ते बघा; असेल तर e^x हे एक उत्तर. 1 − P + Q = 0 असेल तर e^(−x). P + Qx = 0 असेल तर x. मुलं ही चौकट पाठ करतात, परीक्षेत एकेक कसोटी लावून बघतात आणि एखादी लागू पडली की पुढचं गणित धडाधड सोडवतात. या कसोट्या आल्या कुठून, हे बहुतेकांना कुणी सांगितलेलंच नसतं. त्यामुळे समीकरण चौकटीबाहेर जरासं सरकलं की हात थांबतो. खरं तर त्या सगळ्या कसोट्या एकाच प्रश्नाची रूपं आहेत. तो प्रश्न कळला की पाठांतराची गरज उरत नाही.

आधी समीकरण काय म्हणतं ते पाहू. y ही x बरोबर बदलणारी एखादी राशी आहे. y' म्हणजे ती किती वेगाने बदलते, आणि y'' म्हणजे तो वेग स्वतः किती वेगाने बदलतो. या तिघांना प्रत्येकी एका सहगुणकाने गुणून बेरीज केली की ती x च्या प्रत्येक किमतीला शून्य आली पाहिजे, एवढीच अट:

A y'' + B y' + C y = 0

A, B, C या साध्या संख्या असतील, तर काम सोपं आहे. एक वर्गसमीकरण सोडवलं की दोन्ही उत्तरं हातात येतात. पण A, B, C हेच x बरोबर बदलत असतील, तर कोणत्याही समीकरणाला लागू पडेल असं सूत्र नाही. मात्र एक मोठा दिलासा आहे. अशा समीकरणाची दोन वेगळी उत्तरं मिळाली की बाकीची सगळी त्यांच्याच मिश्रणातून तयार होतात. आणि त्या दोनांपैकी एक कसंही करून मिळालं, अगदी अंदाजाने सुचलं तरी, दुसरं शोधायची ठरलेली रीत आहे. तिला रिडक्शन ऑफ ऑर्डर म्हणतात. अठराव्या शतकातला फ्रेंच गणिती द'अलाँबेर याचं नाव या रीतीशी जोडलेलं आहे. म्हणजे सगळी अडचण पहिल्या उत्तरापाशी येऊन थांबते, आणि ते उत्तर पुष्कळदा सहगुणकांकडे नीट बघूनच सापडतं.

बघायचं म्हणजे नेमकं काय बघायचं? बँकेतल्या ठेवीचा विचार करा. वर्षाला किती रुपये वाढले यापेक्षा दर रुपयामागे किती वाढले, म्हणजे व्याजाचा दर किती, हे कळलं की ठेवीची चाल समजते. तसंच इथे y'/y या दराला u म्हणू. मग y' म्हणजे u y झालं. आणखी एकदा डेरिव्हेटिव्ह घेतलं की y'' म्हणजे (u' + u²) y येतं. हे दोन्ही मूळ समीकरणात घाला, सगळीकडून y काढून टाका, म्हणजे उरतं:

A (u' + u²) + B u + C = 0

हे रिकाटीचं समीकरण. दुसरं डेरिव्हेटिव्ह गेलं, पण त्याच्या बदल्यात u चा वर्ग येऊन बसला, म्हणून तेही सर्वसाधारणपणे सुटत नाही. तरी प्रश्न आता फार स्वच्छ झाला आहे: u साठी असा कोणता साधा अंदाज करता येईल, की हा जमाखर्च शून्यावर येईल?

सर्वांत साधा अंदाज म्हणजे दर कायम आहे, u = a. मग u' शून्य होतं आणि अट उरते A a² + B a + C = 0. a ला 1 मानलं तर A + B + C = 0, म्हणजे तिन्ही सहगुणकांची नुसती बेरीज शून्य; उत्तर e^x. a ला −1 मानलं तर मधल्या सहगुणकाचं चिन्ह उलटं करून बेरीज, उत्तर e^(−x). a ला 2 मानलं तर 4A + 2B + C; उत्तर e^(2x). चौकटीतल्या तीनपैकी दोन कसोट्या इथेच संपल्या. पुढचा साधा अंदाज म्हणजे दर x च्या व्यस्त प्रमाणात आहे, u = m/x. त्यातून येते A m(m−1) + B m x + C x² = 0 ही अट, आणि उत्तर x^m. इथे m ला 1 मानलं की x ने भाग देऊन B + Cx = 0 उरतं, म्हणजे चौकटीतली उरलेली कसोटी. y चा सहगुणकच नसेल तर सर्वांत सोपं उत्तर y = 1 आहे, कारण स्थिर राशीची दोन्ही डेरिव्हेटिव्ह शून्य असतात. हे इतकं उघड आहे की अनेकदा नजरेतून सुटतं.

आता एक समीकरण हातात घेऊ आणि शेवटापर्यंत नेऊ:

x y'' − (x + 1) y' + y = 0

सहगुणक आहेत x, −(x+1) आणि 1. बेरीज करा: x − x − 1 + 1. शून्य. म्हणजे e^x हे एक उत्तर. यासाठी x ने भागून P आणि Q काढायचीही गरज पडली नाही. समीकरण आहे त्या रूपातच बेरीज करावी. अपूर्णांक टळतात आणि चुकाही.

पण याच समीकरणात आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती चौकटीच्या पलीकडची आहे. y = x ची कसोटी लावून बघा: B + Cx म्हणजे −(x+1) + x, म्हणजे −1. शून्य नाही. चौकट पाठ केलेला विद्यार्थी इथे पुढे जाईल. आपण मात्र जरा थांबून विचारू: उत्तर एखादी बहुपदी असेल, तर तिचा घात किती असेल? समजा सर्वांत वरचा घात x^n आहे. समीकरणात घातल्यावर पहिलं पद x^(n−1) पर्यंतच पोचतं. x^n ची पदं फक्त दोन ठिकाणांहून येतात: −x y' मधून −n आणि y मधून 1. दोघांनी एकमेकांना खोडायचं तर −n + 1 = 0, म्हणजे n = 1. बहुपदी असलीच तर ती पहिल्या घाताचीच असणार. मग x + c घालून बघू: −(x+1) + x + c शून्य व्हायला c = 1 लागतो. म्हणजे x + 1 हे उत्तर आहे! फक्त वरच्या घातांचा हिशोब केला आणि उत्तराचा घात आधीच कळला. मला ही कसोटी बाकीच्या सगळ्यांपेक्षा जास्त आवडते, कारण बहुपदी नाही हेसुद्धा ती सांगू शकते. n ची किंमत अपूर्णांक किंवा ऋण आली, की त्या वाटेला जायचंच नाही.

दोन्ही उत्तरं नजरेनेच मिळाली, तरी एकच माहीत आहे असं धरून दुसरं काढून बघू. रीत का चालते ते त्यातूनच कळतं. y = v e^x मानू, v अजून माहीत नाही. मग y' = (v' + v) e^x आणि y'' = (v'' + 2v' + v) e^x. हे समीकरणात घालून e^x काढून टाकलं की v ची पदं एकत्र येतात: x − (x+1) + 1 पट v. ही तर मघाची तीच बेरीज, आणि ती शून्य आहे. सगळी गंमत याच जागी आहे. v चा सहगुणक म्हणजे मूळ समीकरणात e^x घातल्यावर जे येतं तेच, आणि e^x हे उत्तर असल्यामुळे ते शून्य असणारच. v नाहीसा झाला, फक्त v' आणि v'' उरले:

x v'' + (x − 1) v' = 0

v' ला w म्हटलं की हे पहिल्या ऑर्डरचं साधं समीकरण होतं: w'/w = −1 + 1/x. इंटिग्रेट केलं की w = x e^(−x), आणखी एकदा केलं की v = −(x+1) e^(−x). त्याला e^x ने गुणलं की −(x+1). मघाशी नजरेने सापडलेलं x + 1 इथे हाताने काढलेल्या गणितातून परत मिळालं. उणे चिन्हाने काही बिघडत नाही, कारण उत्तराला कोणत्याही स्थिर संख्येने गुणता येतं.

कोणतं उत्तर हाताशी धरून सुरुवात करायची, यानेही फरक पडतो. x + 1 धरून निघालो असतो, तर w = x e^x / (x+1)² आलं असतं. त्याचं इंटिग्रेशन e^x/(x+1) आहे, पण ते पाहताक्षणी सुचणारं नाही. दोन उत्तरं दिसत असतील तर इंटिग्रेशनची गरजच नाही. एकच हवं असेल तर ज्याने भागाकार सोपा राहतो ते घ्यावं, आणि त्यात e^x ला सहसा तोड नाही.

या समीकरणाचा आणखी एक गुण लक्षात ठेवण्यासारखा आहे. e^x आणि x + 1 या दोघांचीही किंमत x = 0 ला 1 आहे, आणि दोघांचा चढही 1. मग त्यांचं कोणतंही मिश्रण घेतलं तरी x = 0 ला y आणि y' समानच येणार. कुणी म्हणालं, मला x = 0 ला y = 2 आणि y' = 5 असणारं उत्तर हवं, तर ते मिळणारच नाही. कारण समोरच आहे: y'' चा सहगुणक x तिथे शून्य होतो, आणि समीकरणात उरतं −y' + y = 0. म्हणून सहगुणक वाचताना A कुठे शून्य होतो, हेही त्याच नजरेत टिपून घ्यावं.

चुका बहुतेक दोन जागी होतात. पहिली म्हणजे बेरीज एखाद्याच किमतीला शून्य होत असताना कसोटी लागू पडली असं समजणं. y'' − x y' + y = 0 मध्ये सहगुणकांची बेरीज 2 − x आहे. ती x = 2 ला शून्य होते, पण म्हणून e^x उत्तर ठरत नाही; बेरीज सगळीकडे शून्य हवी. दुसरी चूक तयार सूत्राशी निगडित आहे. पुस्तकात w साठी सूत्र दिलेलं असतं: −P च्या इंटिग्रेशनचा एक्स्पोनेन्शियल घ्या आणि ज्ञात उत्तराच्या वर्गाने भागा. यातलं P म्हणजे y'' चा सहगुणक 1 केल्यानंतरचं P. वरच्या उदाहरणात x ने भागायला विसरून P = −(x+1) घेतलं, तर w मध्ये e^(x²/2) येऊन बसतं आणि पुढचं इंटिग्रेशन अडतं. नीटनेटक्या समीकरणातून अचानक असं काही उगवलं, की आधी भागाकार झाला का ते तपासावं. बेरजेच्या कसोटीला भागायची गरज नाही आणि सूत्राला मात्र आहे. मुलांचा गोंधळ नेमका या दोन गोष्टींच्या सांध्यावर होतो. म्हणूनच मी y = v e^x स्वतः घालून बघण्याच्या बाजूचा आहे. दोन ओळी जास्त लागतात, पण v ची पदं खोडली गेली नाहीत तर अंदाज चुकला हे तिथेच कळतं.

उजवीकडे शून्याऐवजी काही असेल तरी पद्धत तीच. x y'' − (x+1) y' + y = x² घ्या. कसोटी फक्त डाव्या बाजूला लावायची, उजवीकडच्या x² ला त्यात घ्यायचं नाही. y = v e^x घातलं की x v'' + (x−1) v' = x² e^(−x) येतं. w साठी हे पहिल्या ऑर्डरचं रेषीय समीकरण आहे, आणि ते सोडवून पुढे गेलं की मूळ दोन उत्तरांच्या मिश्रणात −x² ची भर पडते. ताळा करून बघा: −2x + 2x(x+1) − x² म्हणजे x². बरोबर.

आता पुन्हा त्या y'' − x y' + y = 0 कडे येऊ, कारण या पद्धतीची एक मर्यादा तिथे दिसते. B + Cx म्हणजे −x + x, शून्य. म्हणजे y = x हे उत्तर आहे. घाताची कसोटीही तेच सांगते: −n + 1 = 0. पण y = xv घालून पुढे गेलं की w = e^(x²/2)/x² येतं, आणि त्याचं इंटिग्रेशन नेहमीच्या फलनांत लिहिता येत नाही. काही चुकलेलं नाही. दुसरं उत्तर आहे, ते इंटिग्रलच्या रूपात लिहिता येतं, कॉम्प्युटरवर हवं तितकं अचूक काढताही येतं. फक्त त्याला ओळखीचं नाव नाही. पहिलं उत्तर x इतकं साधं, म्हणून दुसरंही तसंच असेल असं मानून तासन् तास घालवू नयेत.

भौतिकशास्त्रात रोज भेटणारं एक समीकरण या पद्धतीसाठी जणू घडवलेलं आहे:

(1 − x²) y'' − 2x y' + 2y = 0

हे लजांद्रचं समीकरण, त्याच्या मालिकेतलं n = 1 चं. गोलाभोवतीचं विद्युत क्षेत्र किंवा पाण्याचा प्रवाह काढताना ते येतं. तिथे x म्हणजे अक्षापासूनच्या कोनाचा कोसाइन, त्यामुळे x = 1 आणि x = −1 म्हणजे गोलाचे दोन ध्रुव. तिन्ही पदांत वरच्या घातांचा हिशोब करा: −n(n−1) − 2n + 2 = 0, म्हणजे n(n+1) = 2, म्हणून n = 1. आणि खरंच −2x + 2x = 0, y = x हे उत्तर. ते एकसारख्या क्षेत्राचं उत्तर आहे. y = xv घालून पुढे गेलं की w = 1/(x²(1−x²)) येतं. ते 1/x² आणि 1/(1−x²) असं फुटतं, आणि दुसरं उत्तर मिळतं:

y = (x/2) ln((1+x)/(1−x)) − 1

x हा 1 कडे किंवा −1 कडे सरकला की हे अनंताकडे जातं. A म्हणजे 1 − x² त्याच दोन ठिकाणी शून्य होतो, हे आधीच दिसलं होतं. मात्र मघाच्या उदाहरणात A शून्य होऊनही दोन्ही उत्तरं शाबूत राहिली होती. इथे एक राहिलं आणि दुसरं फुटलं. म्हणजे A चा शून्य बिंदू धोक्याची शक्यता दाखवतो, धोका खरा आहे का ते दुसरं उत्तर काढल्यावरच कळतं. ध्रुवापाशी क्षेत्र अनंत होऊ शकत नाही, म्हणून संपूर्ण गोलाच्या गणितात भौतिकशास्त्रज्ञ हे दुसरं उत्तर टाकून देतात. दोन्ही ध्रुवांपाशी शंकू कापून काढलेला भाग असेल, तर मात्र तेही लागतं.

आणि कोणतीच कसोटी लागू पडली नाही तर? y'' = xy घ्या. इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ एअरीच्या नावाने ते ओळखलं जातं. इंद्रधनुष्यासारख्या तेजस्वी कडेजवळ प्रकाशाची तीव्रता कशी बदलते, याचा १८३८ मध्ये त्याने अभ्यास केला, त्याच्याशी हे समीकरण जोडलेलं आहे. सहगुणक आहेत 1, 0 आणि −x. कायम दराचा अंदाज धरला तर a² − x शून्य व्हायला हवं, ते सगळीकडे होत नाही. x^m चालत नाही. बहुपदीत xy चा वरचा घात खोडायला समोर कुणी नाही. नजरेच्या कसोट्या इथे संपतात. १८४१ मध्ये ल्यूव्हीलने दाखवलं की रिकाटी समीकरणांपैकी बहुसंख्य अशी आहेत की ती नेहमीच्या फलनांनी आणि इंटिग्रेशनने सुटतच नाहीत. एअरीचं समीकरण त्यांतलंच. तिथे घातमालिका मांडाव्या लागतात.

सहगुणक बहुपदींचे भागाकार असतील, तर असं उत्तर आहे की नाही हे ठामपणे ठरवणारी रीत १९८६ मध्ये जेराल्ड कोव्हासिकने प्रसिद्ध केली, आणि आज बीजगणित करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ती वापरली जाते. तिच्यातही शोध u चाच असतो, y'/y या दराचा. A चे शून्य बिंदू कुठे आहेत आणि x फार मोठा झाला की सहगुणक कसे वागतात, एवढ्यावरून u चे मोजकेच संभाव्य आकार ठरवायचे आणि एकेक तपासून बघायचा. मघाशी x + 1 शोधताना वरच्या घातांवरून n = 1 ठरवलं, तो त्याच शोधाचा हाताने करता येण्याजोगा भाग होता. x + 1 साठी u येतो 1/(x+1): तो कायमही नाही आणि m/x च्या साच्यातलाही नाही, म्हणूनच पुस्तकातल्या चौकटीला तो सापडला नव्हता.